हुंडणावळ ते स्विफ्ट : मधल्यामधे २० डॉलर कुठे जातात?

पेशवाईत काशीला निघालेला माणूस रोकड बरोबर नेत नसे. पुण्याच्या सावकाराकडे पैसे भरायचे, हुंडी घ्यायची आणि काशीत त्याच्या आडत्याकडून वटवायची. यासाठी सावकार जे कापून घेई ती हुंडणावळ. दोन पेढ्यांचं एकमेकांशी खातं नसेल तर तिसरी पेढी मधे यायची, आणि तिचाही हात ओला करावा लागायचा.

आता तुम्ही म्हणाल, हे आज कशाला? तर आजही तेच चालू आहे म्हणून!

समजा एकाने अमेरिकेतून सायखेड्याला आईच्या खात्यावर १००० डॉलर पाठवले. आता डॉलर काही विमानात बसून गोदाकाठी येत नाहीत. आईच्या बँकेचं न्यूयॉर्कच्या एखाद्या मोठ्या बँकेत डॉलर खातं असतं, त्याला नोस्ट्रो खातं म्हणतात. जमा तिथे होते. पाठवणारी बँक छोटी असेल आणि तिचा या मोठ्या बँकेशी थेट व्यवहार नसेल, तर मधे तिसरी बँक येते. तीच आपली जुनी पेढी.

१९७३ साली स्थापन झालेली, १९७७ पासून चालू असलेली स्विफ्ट पैसे हलवत नाही बरं का, ती फक्त निरोप पोचवते. खर्च कुणी सोसायचा हेही निरोपातच लिहिलेलं असतं. कित्येक वर्षं हा निरोप MT103 नावाच्या साच्यात जायचा. त्यातल्या कामाच्या ओळी अशा:

```
:32A:240311USD980,
:33B:USD1000,
:71A:SHA
:71F:USD20,
```

33B म्हणजे पाठवायला सांगितलेली रक्कम, 71F म्हणजे वाटेत कापलेले २०, आणि 32A म्हणजे पुढे सरकलेले ९८०. SHA म्हणजे पाठवणाऱ्याने फक्त आपल्या बँकेचा खर्च द्यायचा, पुढचा घेणाऱ्याच्या माथी. BEN म्हणजे सगळाच घेणाऱ्यावर, आणि OUR म्हणजे सगळा पाठवणाऱ्यावर. पण OUR लिहूनही साखळीतली एखादी बँक कधीकधी कापतेच.

२०२५च्या नोव्हेंबरपासून बँकाबँकांमधे या साच्याची जागा pacs.008 ने घेतली. साचा बदलला, पण मधली बँक आहे तिथेच आहे.

मग आपले पैसे कुणी खाल्ले हे कसं ओळखायचं? गावच्या बँकेकडे आधी एकच विचारा, "डॉलर किती आले?" १०००च्या जागी ९८० आले असतील तर कात्री वाटेत लागली. पूर्ण १००० आले आणि तरी रुपये कमी वाटत असतील, तर गोम बँकेने लावलेल्या दरात, तिच्या चार्जेसमधे किंवा जीएसटीत आहे. गावच्या मॅनेजरशी भांडायचं ते फक्त दुसऱ्या बाबतीत. पहिल्यासाठी पाठवणाऱ्याने आपल्या बँकेकडे UETR मागावा. २०१७ पासून रुळलेल्या या ट्रॅकिंग नंबरवरून पैसे कुठून कुठे गेले ते दिसतं, आणि बऱ्याचदा कुणी किती कापले तेही.

दर महिन्याला थोडे थोडे पाठवणाऱ्यांसाठी एक साधा हिशोब. २० डॉलर १०००वर २ टक्के होतात, २००वर १० टक्के! ही कपात बहुतेक वेळा दर निरोपामागे ठरलेली असते, रकमेवर नाही. तेव्हा घाई नसेल तर दोन-तीन महिन्यांचे एकदम पाठवा. हुंडणावळ एकदाच पडेल.