लोकहितवादी आणि कालविपर्यास

लोकहितवादींनी १८४८पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात लिहिलेल्या ‘शतपत्रां’त इंग्रजी राज्याचे स्वागत आढळते, म्हणून त्यांना राष्ट्रद्रोही ठरविणे हा कालविपर्यास होय. पेशवाई १८१८मध्ये संपली. त्यानंतर जेमतेम तीस वर्षांनी लिहिणाऱ्यापुढे तुलनेसाठी होती ती उत्तर पेशवाई, स्वतंत्र भारत नव्हे. शिवाय हे राज्य त्यांनी चिरंतन मानले नव्हते. येथील लोक शहाणे झाले की इंग्रजांना जावे लागेल, असा त्यांचा तर्क त्याच पत्रांत आहे.

मात्र ‘त्या काळी सारे असेच मानीत’ हा बचावही तितकाच अनैतिहासिक आहे. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१मध्येच ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘एक हिंदू’ अशा अर्थाच्या टोपणनावाने पत्रे लिहून इंग्रजांच्या आर्थिक शोषणावर कठोर टीका केली होती. म्हणजे ती टीका त्या काळाच्या विचारकक्षेबाहेरची नव्हती. लोकहितवादींची मर्यादा दाखवावयाची तर १९४७चा मापदंड नको. तर्खडकरांचा पुरेसा आहे. समकालीनांना जो विचार सुचू शकला, त्याच्याशी ताडून केलेला निर्णय इतिहासाला धरून असतो. निर्णयच टाळणे म्हणजे कालभान नव्हे.