तिसरं उत्तर तपासा

मागच्या महिन्यात आमच्या टीमने एक छोटी सिस्टिम लाँच करायला घेतली. नागरिकाने ई-मेलने तक्रार पाठवायची, आमच्या प्रोग्रामने ती योग्य माणसाकडे द्यायची आणि त्याचं उत्तर पुन्हा ई-मेलनेच नागरिकाला पाठवायचं. टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं. आणि लाँचच्या आदल्या दिवशी एका मित्राच्या फोनवर उत्तराचा विषय असा दिसला :

```
Re: दोन दिवस पाणी आ��ं नाही
```

गंमत म्हणजे मूळ तक्रारीचा विषय अगदी नीट दिसत होता. फक्त उत्तराचा फुटला. असं का व्हावं, हे शोधताना मी ई-मेलच्या इतिहासात बराच मागे गेलो. लक्षात आलं ते एवढंच : आपण नेहमी पहिलं पत्र तपासतो. पण उत्तर म्हणजे दुसऱ्याच्या पडद्यावरून जाऊन परत आलेला मजकूर, आणि प्रत्येक फेरीत त्याला नवा पोचा पडतो.

पहिला पोचा रुंदीचा. आयबीएमने १९२८ साली ८० रकान्यांचं पंचकार्ड आणलं. पुढे पडदे आले तेव्हा तीच रुंदी त्यांच्याकडे वारशाने आली. १९७८ च्या व्हीटी१०० या प्रसिद्ध टर्मिनलवर एका ओळीत ८० अक्षरं मावायची. ई-मेलच्या नियमांनी आजही ओळ ७८ अक्षरांच्या आत ठेवा असं सुचवलेलं आहे, ते त्यामुळेच. आता गणित बघा. तुम्ही ७६ अक्षरांची ओळ पाठवली. समोरच्याने उत्तर दिलं की त्या ओळीआधी `> ` लागतं, म्हणजे ७८. त्याला तुम्ही उत्तर दिलं, ८०. आणखी एक फेरी, आणि शेवटचा शब्द खाली एकटाच पडतो :

```
> > > जलवाहिनीची दुरुस्ती उद्या सकाळी
पूर्ण
> > > होईल, असं अभियंत्यांनी कळवलं आहे
```

यात 'पूर्ण' हा शब्द कोणी लिहिला? खुणेशिवाय आहे म्हणजे नव्या माणसाने, असं वाचणाऱ्याला वाटतं. तक्रारीच्या पत्रव्यवहारात कोण काय म्हणालं हेच गोंधळलं, तर उरलं काय? १९९९ साली रँडल गेलेन्सने यावर `format=flowed` नावाचा उपाय सुचवला. ओळीच्या शेवटी एक स्पेस ठेवली, की 'ही ओळ पुढच्या ओळीला जोडून वाच' असा त्याचा अर्थ. उपाय छान आहे, पण वाटेतल्या एखाद्या प्रोग्रामने 'फालतू' म्हणून शेवटच्या स्पेस उडवल्या की तो निकामी होतो. आणि हे पहिल्या पत्रात कधीच दिसत नाही.

दुसरा पोचा `Re:` चा. हा शब्द लॅटिन 'रेस'वरून, म्हणजे 'च्या बाबतीत', असं २००१ च्या नियमांत लिहून ठेवलं आहे. पण जर्मन प्रोग्राम `AW:` लावतात आणि स्वीडिश `SV:`. तुमची सिस्टिम फक्त `Re:` ओळखत असेल, तर चार फेऱ्यांनी विषय `Re: AW: Re: AW:` होतो आणि फोनच्या अरुंद पडद्यावर मूळ विषय दिसतच नाही.

आता आमच्या फुटलेल्या 'ल'कडे येऊ. जुन्या मेल सर्व्हरना विषयाच्या ओळीत फक्त साधी इंग्रजी अक्षरं चालायची. म्हणून १९९० च्या दशकात अशी युक्ती निघाली : दुसऱ्या लिपीतला विषय इंग्रजी अक्षरांत गुंडाळायचा, आणि एक गुंडाळी जास्तीत जास्त ७५ अक्षरांची ठेवायची. खुणांची १२ अक्षरं वजा केली की उरतात ६३. बेस६४ पद्धतीत ती चाराच्या पटीत हवीत, म्हणून ६०. त्यात मावतात ४५ बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह (काना, मात्रा, अनुस्वार हे वेगळे धरून) ३ बाइटचं, आणि स्पेस १ बाइटची.

'दोन दिवस पाणी आलं' मोजा. चौदा चिन्हं, म्हणजे ४२ बाइट, अधिक तीन स्पेस. बरोबर ४५! पहिली गुंडाळी 'आलं'पाशी सफाईने संपली, 'नाही' पुढच्या गुंडाळीत गेलं. नशीब! पण आमचा प्रोग्राम उत्तर देताना `Re: ` विषयाला जोडून सगळंच एकत्र गुंडाळत होता. ते चार बाइट वाढले, आणि ४५ वी जागा 'ल'च्या पोटात आली. त्याचे दोन बाइट पहिल्या गुंडाळीत, एक दुसऱ्या गुंडाळीत.

कुठलंही अक्षर असं दोन गुंडाळ्यांत तोडू नये, असं नियमात स्पष्ट आहे. आमच्या कोडने बाइट मोजले, अक्षरं नाही. काही मेल प्रोग्राम आधी गुंडाळ्या जोडून मग उलगडतात, त्यांच्यावर चूक झाकली जाते. माझ्या मित्राच्या फोनवरचा प्रोग्राम प्रत्येक गुंडाळी वेगळी उलगडत होता, म्हणून तिथे उघडी पडली. आमचा टेस्टचा विषय होता 'नमस्कार'. तो इतका छोटा, की दुसरी गुंडाळी लागतच नाही.

तिसरा पोचा रंगरूपाचा. २००७ च्या आउटलुकने मेल दाखवण्यासाठी इंटरनेट एक्स्प्लोररऐवजी वर्डचं इंजिन घेतलं, आणि रातोरात अनेक सुंदर टेम्प्लेट्सची मांडणी विस्कटली. क्लासिक आउटलुकमध्ये आजही तेच इंजिन आहे. त्यात २०१९ साली आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर डार्क मोड आला. पारदर्शक पार्श्वभूमीवरचा काळा लोगो काळ्या पडद्यावर गायब! उत्तरात भर अशी, की क्लासिक आउटलुकमधून कोणी उत्तर दिलं की खाली जोडलेलं तुमचं पत्र वर्डच्या पद्धतीने नव्याने लिहिलं जातं. तुम्ही पाठवलेलं आणि परत आलेलं एचटीएमएल एकच नसतं.

असो. तर या सगळ्यातून आमच्या भिंतीवर एक कागद चिकटला आहे. लाँचआधी एकच तक्रार घ्यायची, चार ठिकाणांमधून (क्लासिक आउटलुक, वेबमेल, डार्क मोडमधला फोन आणि साधा टर्मिनलवरचा मेल प्रोग्राम) तीन फेऱ्या फिरवायची, आणि तिसऱ्या उत्तरावर हे बघायचं :

१. विषय मराठीत आणि लांब, किमान २५ चिन्हांचा. सुरुवातीला एक, दोन, तीन साधी अक्षरं वाढवत तोच पुन्हा पाठवा. एकदाही � दिसता कामा नये.

२. विषयात `Re:` एकदाच. `AW:` लावून आलेलं पत्रही त्याच तक्रारीत जमा झालं पाहिजे.

३. जुन्या मजकुराच्या प्रत्येक ओळीला खूण आहे ना? खुणेशिवाय एकटा शब्द दिसला, तर रुंदी चुकली.

४. डार्क मोडमध्ये लोगो आणि लिंक वाचता येतात ना? चित्रं बंद केल्यावर तक्रार क्रमांक मजकुरात आहे ना?

५. एचटीएमएल काढून टाकलं तरी उत्तर कळतं ना?

आम्हाला या यादीला अर्धा दिवस लागला. पहिल्याच फेरीत तीन चुका सापडल्या, त्यातल्या दोन फक्त परत आलेल्या पत्रात होत्या. लाँच चार दिवस पुढे गेलं, मॅनेजरची कुरकुर झाली. पण ज्या माणसाला दोन दिवस पाणी आलं नाही, त्याला आमच्याकडून निदान 'आ��ं' असं उत्तर गेलं नाही.