यू-नळीची कुळकथा

जीवाणू एकमेकांना जनुके तीन वाटांनी देतात. कॉन्जुगेशनमध्ये दोन पेशी एकमेकींना भिडतात आणि एकीचा डीएनए दुसरीत जातो. ट्रान्सफॉर्मेशनमध्ये मेलेल्या पेशीतून बाहेर पडलेला उघडा डीएनए जिवंत पेशी आत ओढून घेते. ट्रान्सडक्शनमध्ये जीवाणूंना ग्रासणारा विषाणू, म्हणजे फाज, डीएनए वाहून नेतो. या तिघांचे कूळ सांगायला बसले की सगळे फ्रेडरिक ग्रिफिथच्या 1928 मधल्या उंदरांपासून सुरुवात करतात. मला ते पटत नाही. ग्रिफिथला ट्रान्सफॉर्मेशनची एकच वाट दिसली. वाटा निरनिराळ्या आहेत आणि त्या कशा ओळखायच्या, हे काचेच्या एका वाकड्या नळीने शिकवले.

1946 मध्ये जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी ई. कोलायच्या के-12 जातीचे दोन अधू वाण एकत्र वाढवले. एकाला काही पोषकद्रव्ये स्वतः बनवता येत नव्हती, दुसऱ्याला वेगळीच काही. नुसत्या साध्या माध्यमावर दोघेही उपाशी मरायला हवे होते. तरी साधारण एक कोटी पेशींमागे एक पेशी तिथे वाढली. वेगवेगळे दोष एकाच वेळी आपोआप दुरुस्त होणे जवळजवळ अशक्य, म्हणजे जनुकांची देवाणघेवाण झाली होती. पण ती पेशी पेशीला भिडून झाली, की पाण्यात सुटलेल्या डीएनएमधून? ॲव्हरी, मॅक्लाऊड आणि मॅकार्टी यांनी 1944 मध्येच न्यूमोकॉकसचे रूप बदलणारा पदार्थ डीएनए आहे असे दाखवले होते, त्यामुळे ही शंका रास्त होती.

1950 मध्ये बर्नार्ड डेव्हिसने नळी यू आकारात वाकवली आणि तळाशी बारीक छिद्रांचा काचेचा फिल्टर बसवला. एका बाजूला एक वाण, दुसऱ्या बाजूला दुसरा. हवेच्या दाबाने द्रव इकडून तिकडे, तिकडून इकडे ढकलायचा. द्रव जातो, त्यातला डीएनए जातो, पेशी मात्र अडतात. दुरुस्त झालेली पेशी एकही मिळाली नाही. पेशींना एकमेकींना भिडावेच लागते, हा निष्कर्ष निघाला. हे कॉन्जुगेशन.

आता खरी गंमत. विस्कॉन्सिनमध्ये लेडरबर्गचा विद्यार्थी नॉर्टन झिंडर हेच लग्न साल्मोनेलात लावायला निघाला. त्यालाही दुरुस्त पेशी मिळाल्या. मग त्याने दोन्ही वाण डेव्हिसच्या नळीत घातले, आणि फिल्टर मध्ये असूनही पेशी दुरुस्त झाल्या! उघडा डीएनए जात असेल, म्हणून त्याने डीएनए तोडणारे डीएनेझ विकर घातले. काहीच फरक पडला नाही. म्हणजे भिडणेही नाही आणि उघडा डीएनएही नाही. डीएनए कशात तरी बंद होऊन फिल्टर पार करत होता.

ते वेष्टन पी-22 फाजचे निघाले. एलए-22 या वाणाच्या पेशींत तो आधीपासून गुपचूप राहत होता. अधूनमधून त्याचे कण बाहेर पडत, फिल्टर ओलांडून एलए-2 मध्ये शिरत आणि तिथे वाढत. वाढताना फाज आपल्या डोक्यात मावेल तेवढा डीएनए भरतो. क्वचित चूक होते आणि स्वतःच्या ऐवजी यजमानाचा तुकडा भरला जातो. असा कण फिल्टरमधून परत आला की एलए-22 ला एलए-2 ची जनुके मिळत. या डोक्यात जीवाणूच्या गुणसूत्राचा जेमतेम शंभरावा हिस्सा मावतो, म्हणून गुण सहसा एकेकटेच जात. कॉन्जुगेशनमध्ये मात्र ई. कोलायचे सगळे गुणसूत्रही जाऊ शकते. त्याला सुमारे शंभर मिनिटे लागतात आणि जोडी बहुधा मध्येच तुटते. झिंडर आणि लेडरबर्ग यांनी 1952 मध्ये फाजच्या या वाटेचा, म्हणजे ट्रान्सडक्शनचा, शोध प्रसिद्ध केला.

के-12 मध्येही लॅम्डा नावाचा फाज दडलेला आहे. तो एस्थर लेडरबर्ग यांनी शोधला. मग डेव्हिसच्या नळीत त्याने घोळ का घातला नाही? माझा अंदाज असा की लॅम्डा गुणसूत्रावर एका ठरावीक जागी बसतो आणि निघताना शेजारचीच जनुके सोबत घेऊ शकतो. एकमेकांपासून दूरची अनेक जनुके एकदम दुरुस्त करणे त्याच्या आवाक्यात नव्हते. डेव्हिसच्या हाती पी-22 सारखा फाज असलेला वाण लागला असता, तर कॉन्जुगेशनवर विश्वास बसायला बरीच वर्षे गेली असती.

अनोळखी जीवाणूत नवा गुण कोणत्या वाटेने आला, हे तपासताना पहिले दोन प्रश्न तेच राहिले: फिल्टर लावला तर थांबते का, डीएनेझ घातले तर थांबते का. फिल्टरने थांबले तर कॉन्जुगेशन, डीएनेझने थांबले तर ट्रान्सफॉर्मेशन, दोन्हींनी थांबले नाही तर फाजचा संशय घ्यावा. 1958 चे नोबेल लेडरबर्ग, टेटम आणि जॉर्ज बीडल यांना मिळाले. डेव्हिस आणि झिंडर त्या यादीत नव्हते.