चित्रफितींची नावे : youtube-dl पासून yt-dlp पर्यंत

२००६ साली स्पेनमध्ये राहणाऱ्या रिकार्डो गार्सिया यांच्या घरी ५६ के मोडेम होता. यूट्यूब सुरू होऊन जेमतेम वर्ष झाले होते. मोडेमच्या वेगाने येणारी चित्रफीत पाहायची म्हणजे दोन मिनिटांच्या दृश्यासाठी बराच वेळ ताटकळायचे. तेव्हा त्यांनी पायथन भाषेत एक छोटा कार्यक्रम लिहिला. चित्रफितीचा पत्ता द्यायचा, संगणकाला ती सावकाश उतरवू द्यायची आणि मग न अडखळता पाहायची. हाच youtube-dl. पुढे तो अनेकांच्या हातून वाढला आणि चित्रफितींची पूर्ण यादी एकाच आज्ञेने उतरवू लागला.

अर्नाळ्याकडच्या एका शाळेतील शिक्षकमित्रांची अडचण आम्ही ऐकली तेव्हा आम्हांला गार्सियांची आठवण झाली. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाची, त्यामुळे ऐन तासाला चित्रफीत मध्येच थांबे. एका शिक्षकाने तयार केलेली प्रकाशावरील प्रयोगांची ४३ चित्रफितींची यादी त्यांना हवी होती, आणि उतरवून घ्यायला त्या शिक्षकाची परवानगीही होती. परवानगीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. चित्रफीत सर्वांना दिसते म्हणून ती उतरवायला मोकळी असते असे नाही. परवानगीशिवाय उतरवून घेणे यूट्यूबच्या अटींत बसत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ मात्र क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असल्याने त्यांच्या प्रती वाटायला हरकत नसते.

पहिल्या वेळी आम्ही नावांचा विचारच केला नाही. कार्यक्रम आपण होऊन शीर्षक आणि यूट्यूबचा ११ अक्षरी ओळखक्रमांक जोडून नाव देतो. पेनड्राइव्ह वर्गातल्या टीव्हीला लावला, तर टीव्हीने चित्रफिती वर्णानुक्रमे मांडल्या. ‘अपवर्तन’ अ पासून सुरू होते म्हणून ते आधी आले आणि ‘परावर्तन’ नंतर. सरांनी मुद्दाम लावलेला क्रम वर्णमालेने मोडला. मुलांना परावर्तन शिकवण्याआधीच काचेच्या ठोकळ्यातून वाकणारा किरण दिसला.

नावाच्या सुरुवातीला यादीतला क्रमांक घालणे हा यावर उपाय. पण तोवर साधन बदलले होते. २३ ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून गिटहब या संकेतस्थळाने youtube-dl काढून टाकला. कार्यक्रम नीट चालतो का हे तपासण्यासाठी त्यात काही गाण्यांच्या चित्रफितींचे पत्ते लिहिलेले होते, त्यांवर तक्रारीत बोट ठेवले होते. १६ नोव्हेंबरला तो परत उपलब्ध झाला. त्याच वर्षी त्याची youtube-dlc नावाची एक शाखा निघाली होती, आणि तिच्यापासून २०२१ च्या सुरुवातीला yt-dlp जन्मला. यूट्यूब आपली अंतर्गत रचना सतत बदलते. त्या बदलांशी जुळवून घेण्यात मूळ कार्यक्रम मागे पडला, yt-dlp टिकला. म्हणूनच त्याची जुनी प्रत एक दिवस अचानक चालेनाशी होते. अशा वेळी आज्ञेत चूक शोधत बसण्याआधी नवी प्रत आणून पाहावी. २०२५ च्या अखेरीपासून यूट्यूबसाठी त्याच्या जोडीला डेनोसारखा जावास्क्रिप्ट चालवणारा कार्यक्रमही लागतो. चित्र आणि आवाज वेगवेगळे येतात, ते जोडायला ffmpeg हवा.

आम्ही शेवटी वापरलेली आज्ञा अशी :

```
yt-dlp -S res:480 --download-archive yadi.txt
  -o "prakash/%(playlist_index)03d - %(title).120B [%(id)s].%(ext)s"
  "PLAYLIST-URL"
```

(छापण्यासाठी तीन ओळी केल्या आहेत, टंकताना एकाच ओळीत लिहावी. विंडोजच्या .bat फाइलीत ठेवायची असेल तर प्रत्येक `%` दोनदा लिहावे लागते. आमचा एक तास यातच गेला.) `res:480` मुळे शक्यतो ४८० रेषांपर्यंतची चित्रफीत निवडली जाते, शाळेच्या टीव्हीला तेवढी पुरते. उतरलेल्या प्रत्येक चित्रफितीचा ओळखक्रमांक `yadi.txt` मध्ये नोंदला जातो. वीज गेली तर तीच आज्ञा पुन्हा द्यायची, नोंदलेल्या चित्रफिती वगळून काम पुढे चालू होते.

`03d` म्हणजे क्रमांक तीन आकडी : ००१, ००२. यादी ४३ ची असताना तीन आकडे कशाला, असे सरांनी विचारले. समजा दोनच आकडे ठेवले आणि यादी शंभरावर गेली. नुसती अक्षरे पाहून क्रम लावणाऱ्या टीव्हीच्या दृष्टीने १०० हा ११ च्या आधी येतो.

`120B` चे कारण खास आपल्या लिपीत आहे. लिनक्सवर फाइलीच्या नावाला साधारणपणे २५५ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे असतात. ‘प्रयोग’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा म्हणतो. संगणकाला तो प, हलन्त, र, य, ओकार, ग असा सहा चिन्हांचा, म्हणजे १८ बाइटांचा दिसतो. त्यामुळे पूर्ण मराठी नाव ८५ चिन्हांतच मर्यादा गाठते. विंडोज बाइट न मोजता चिन्हे मोजतो, म्हणून तीच यादी घरच्या विंडोजवर सुरळीत उतरते आणि शाळेच्या लिनक्सवर ‘File name too long’ म्हणून अडते. १२० बाइटांत साधारण चाळीस चिन्हे मावतात. शीर्षकाचे शेपूट तुटते, कधी शेवटच्या अक्षराची मात्राही जाते, पण विषय कळतो. नावे साधी करणारा `--restrict-filenames` हा पर्याय मात्र मराठीला उपयोगाचा नाही. तो इंग्रजीबाहेरची अक्षरे गाळतो आणि सबंध शीर्षकाच्या जागी जेमतेम एखादी अधोरेषा उरते.

एवढे करूनही दुसऱ्या वर्षी घोटाळा झालाच. मूळ शिक्षकाने नववी म्हणून एक नवी चित्रफीत यादीत घातली. आम्ही आज्ञा पुन्हा दिली. जुन्या ४३ नोंदलेल्या असल्याने फक्त नवी उतरली, तिला ००९ क्रमांक मिळाला. पण जुनी ००९ ही तिथेच होती! एकाच क्रमांकाच्या दोन फाइली दिसल्या की समजावे, यादी मध्येच वाढली आहे. एखादी चित्रफीत यादीतून निघाली तर मात्र असा इशाराही मिळत नाही. क्रमांक हा चित्रफितीचा नसतो, त्या दिवशीच्या यादीतल्या जागेचा असतो. चित्रफितीचा स्वतःचा असतो तो चौकटी कंसातला ओळखक्रमांक, आणि शीर्षक बदलले तरी तो बदलत नाही. म्हणून काहीही न उतरवता आधी ताजा क्रम मागवायचा :

```
yt-dlp --flat-playlist --print "%(playlist_index)03d %(id)s" "PLAYLIST-URL"
```

पडद्यावर क्रमांक आणि ओळखक्रमांक यांच्या जोड्या येतात. सरांनी आणि दहावीच्या दोन मुलींनी त्या जोड्या कागदावर उतरवल्या, कंसातली अक्षरे जुळवली आणि आधी ००९ ते ०४३ असलेल्या ३५ फाइलींचे पहिले तीन आकडे बदलले. काम शेवटच्या फाइलीकडून सुरू केले : ०४३ ची ०४४, मग ०४२ ची ०४३. त्यामुळे पुढची जागा नेहमी मोकळी मिळाली आणि मधल्या वेळी सारखे क्रमांक कुठे आले नाहीत. ओळखक्रमांकात लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी धरतात, हे मुलींच्या दोन चुकांनंतर लक्षात आले.