उपवास कशाने मोडतो?

श्वेतांबर जैन समाजाच्या पर्युषण पर्वाच्या पहिल्या सकाळी उपाश्रयात उपवास करणारे श्रावक-श्राविका साधू किंवा साध्वींसमोर हात जोडून उभे राहतात आणि 'पच्चक्खाण' घेतात. पच्चक्खाण म्हणजे त्यागाचा नियम, जो शब्दांत उच्चारून स्वीकारला जातो. तो उच्चारला नाही तर दिवसभर उपाशी राहूनही शास्त्राच्या दृष्टीने उपवास झालेला नसतो. ती केवळ उपासमार ठरते. या प्राकृत सूत्रात काय सोडले हे जसे सांगितलेले असते, तसेच नियम कोणत्या परिस्थितीत मोडला असे मानू नये, हेही सांगितलेले असते. या अपवादांना 'आगार' म्हणतात.

त्यांतील तीन लक्षात घेण्यासारखे आहेत. नियमाचा विसर पडून काही खाल्ले गेले तर उपवास मोडत नाही. अचानक, इच्छा नसताना काही तोंडात गेले, उदाहरणार्थ पावसाचा थेंब, तरीही मोडत नाही. तिसरा आगार समाधीचा आहे. तीव्र व्याधीमुळे चित्ताची स्थिरता ढळू लागली, तर ती टिकविण्यासाठी औषध घेता येते. व्रत सांभाळताना मन सैरभैर होत असेल, तर मन आधी आणि व्रत नंतर, हा क्रम नियम घेतानाच मान्य केलेला असतो.

उपवासाकडे आहाराची गणिते म्हणून पाहण्याची सवय झालेल्या वाचकाला हे काहीसे अनपेक्षित वाटेल. बहुतेक धर्मपरंपरांमध्ये मात्र उपवासाविषयीचा खरा विचार नेमक्या याच प्रश्नाभोवती फिरतो: पोट रिकामे असूनही उपवास कशाने मोडतो आणि काही खाल्ले तरी तो केव्हा टिकतो?

जैन परंपरेचे उत्तर सर्वांत तपशीलवार आहे. उमास्वातींच्या 'तत्त्वार्थसूत्रा'च्या नवव्या अध्यायात तपाचे बाह्य आणि आभ्यंतर असे दोन भाग केले असून प्रत्येकात सहा प्रकार आहेत. अनशन, म्हणजे अन्नत्याग, हा बाह्य तपाचा पहिला प्रकार. प्रायश्चित्त, विनय, सेवा, स्वाध्याय, देहासक्तीचा त्याग आणि ध्यान हे आभ्यंतर तप. उपवासाची सर्वाधिक चर्चा होत असली तरी या मांडणीत तो दाराशी उभा आहे. आत जाण्यासाठी तो आहे.

अनशनानंतरचे प्रकारही मार्मिक आहेत. दुसरा 'ऊनोदरी' हा भुकेपेक्षा कमी खाण्याचा. पुरुषाचा पूर्ण आहार 32 घास आणि स्त्रीचा 28 घास मानून, त्यातला एक घास जरी कमी खाल्ला तरी ऊनोदरी सुरू होते. पुढे 'रसपरित्याग' येतो. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले पदार्थ विकार वाढविणारे मानून ते सोडायचे. चैत्र आणि आश्विन महिन्यांत नऊ-नऊ दिवस होणाऱ्या 'आयंबिल ओळी'त साधक दिवसातून एकदाच, एका बैठकीत, तूप-तेल-मसाल्याविना शिजवलेले धान्य किंवा कडधान्य खातो. पोट भरते, पण जिभेला काहीही मिळत नाही. अनेक अनुभवी तपस्वी आयंबिलाला निराहार उपवासापेक्षा कठीण मानतात. उपवासात जेवणाचा प्रसंगच नसतो. आयंबिलात पान समोर असते आणि त्यातली आवड तेवढी काढून घेतलेली असते.

हा 'रस' भगवद्गीतेतही भेटतो. दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचे वर्णन करताना गीता म्हणते की निराहार राहणाऱ्याचे विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे उरते. ती गोडी परमतत्त्वाच्या दर्शनानेच जाते. उपवासाची ताकद आणि मर्यादा दोन्ही येथे एकाच श्लोकात आल्या आहेत. सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला योग साधत नाही असे सांगितले आहे, तर सतराव्या अध्यायात दंभ आणि अहंकारापोटी देहाला पीडा देणाऱ्यांची गणना आसुरी वृत्तीत केली आहे.

एकादशीच्या व्रतात हाच विचार काळाच्या चौकटीत बसविला आहे. दशमीला एकभुक्त राहायचे, एकादशीला धान्य वर्ज्य करून दिवस नामस्मरणात आणि रात्र जागरणात घालवायची, द्वादशीला ठरलेल्या वेळेत पारणे करायचे. 'उप' म्हणजे जवळ आणि 'वास' म्हणजे राहणे. देवाजवळ राहण्याच्या त्या दिवसाला स्वयंपाकाची धावपळ नको, हा त्यामागचा साधा हिशेब. दहा इंद्रिये आणि अकरावे मन अशी एकादशीची उकल कीर्तनकार करतात तीही यामुळेच. प्रत्यक्षात काय होते, हे 'एकादशी दुप्पट खाशी' या म्हणीने केव्हाच सांगून ठेवले आहे. उपवासाची म्हणून ओळखली जाणारी साबुदाण्याची खिचडी पाहिली, तर ज्या कसाव्याच्या कंदापासून आपल्याकडचा साबुदाणा होतो तो, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चारही मुळे अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर ती येथे आली. जुन्या व्रतग्रंथांच्या यादीत नसलेले हे पदार्थ निषेधातून सुटले. नियमाचे अक्षर पाळले गेले आणि रस जिभेवर शाबूत राहिला.

नेमकी हीच तक्रार नऊशे वर्षांपूर्वी इमाम गझाली यांनी केली होती. 1111 मध्ये निधन झालेल्या या विद्वानाच्या 'इह्या उलूम अद्-दीन' या ग्रंथात रोजाच्या अंतरंगावर स्वतंत्र प्रकरण आहे. रोजा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंतचा. त्यात अन्न, पाणी आणि कामसंबंध वर्ज्य. त्याला 'नीयत', म्हणजे मनाचा संकल्प, आवश्यक असतो, आणि विसरून काही खाल्ले गेले तर रोजा मोडत नाही. पच्चक्खाणाशी असलेले हे साम्य सहज नजरेत भरते.

गझाली रोजाच्या तीन पायऱ्या सांगतात. पहिला सर्वसामान्यांचा, ज्यात पोट आणि कामवासना आवरली जाते. दुसरा विशेष जनांचा. यात डोळे, कान, जीभ, हात आणि पाय यांचाही उपवास असतो. तिसऱ्यात अंतःकरण ईश्वराखेरीज इतर चिंतांपासून उपाशी राहते. चहाडी, खोटे बोलणे किंवा वासनेची नजर यांनी बहुसंख्य धर्मशास्त्रज्ञांच्या मते कायद्याने रोजा तुटत नाही, मात्र त्याचे फळ जाते. कायदेपंडित बाह्य आचरणावरच निर्णय देऊ शकतात; म्हणून साधकाने त्यांच्या निर्णयावर समाधान मानू नये, असा गझालींचा रोख आहे.

त्यांच्या सूचना अगदी व्यावहारिक आहेत. इफ्तारला पोट तुडुंब भरू नये. दिवसभर राहिलेले सर्व रात्री भरून काढले आणि इतर महिन्यांत नसतील इतके पदार्थ रमजानसाठी साठवले, तर भूक शमण्याऐवजी तिला धार येते. दिवसा फार झोपूही नये, कारण भूक-तहान जाणवली आणि अशक्तपणा कळला तरच अंतःकरण निवळते. शेवटची सूचना अशी की रोजा सोडल्यावर मन आशा आणि भीती यांच्या मध्ये असावे. आपला रोजा स्वीकारला गेला की नाही, हे कोणाला ठाऊक नसते.

उपवास मोडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे प्रेक्षक. येशूने उपवास करणाऱ्यांना डोक्याला तेल लावून, तोंड धुऊन राहायला सांगितले, ते लोकांना कळू नये म्हणून. चौथ्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या वाळवंटातील ख्रिस्ती संन्याशांमध्ये राहिलेल्या जॉन कॅसियन यांनी तेथील एक रीत नोंदवली आहे. पाहुणा आला की हे कठोर तपस्वी स्वतःचा उपवास सोडून त्याच्याबरोबर जेवत. उपवास आपल्या हाती नेहमीच आहे, पाहुणा मात्र निघून जाणार, असे त्यांचे म्हणणे. जैन विचारात यासाठी 'निदान' हा शब्द आहे: तपाच्या मोबदल्यात फळाची, सुखाची किंवा वैभवाची इच्छा धरणे. तीन 'शल्यां'पैकी, म्हणजे मनात रुतलेल्या काट्यांपैकी, तो एक आहे. दीर्घ तप करणाऱ्यांच्या मिरवणुका आणि सत्कार अनेक शहरांत होतात. त्यामागे तपाची अनुमोदना करण्याचा भाव असतो, पण काटा रुतण्याची जागाही तीच आहे, हे साधूही आपल्या प्रवचनांतून बजावतात.

ही चर्चा केवळ तात्त्विक राहत नाही. 2016 मध्ये हैदराबादेत एका 13 वर्षांच्या मुलीचा 68 दिवसांच्या उपवासानंतर मृत्यू झाला आणि देशभर वाद उसळला. समाधीचा आगार वापरायचा की नाही हे साधकाने ठरवायचे असते. लहान मूल ते ठरवू शकते का, हा प्रश्न त्या घटनेने उभा केला आणि तो धर्मशास्त्राइतकाच कायद्याचाही आहे.

त्याआधी वर्षभर, 10 ऑगस्ट 2015 रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा किंवा सल्लेखना, म्हणजे आयुष्याच्या अखेरीस क्रमाने आहार सोडण्याचे व्रत, आत्महत्येच्या गुन्ह्याच्या कक्षेत आणले. 31 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. 'तत्त्वार्थसूत्रा'त या व्रताचे पाच दोष दिले आहेत: जगण्याची इच्छा, मरण लवकर यावे ही इच्छा, मित्रांविषयीची आसक्ती, भोगलेल्या सुखांचे स्मरण आणि पुढच्या सुखाची मागणी. मृत्यूची ओढ हाच येथे व्रतभंग आहे. न्यायालयापुढची अडचणही यातूनच येते, कारण आहार थांबला हे साक्षीने सिद्ध करता येते. मनात ओढ होती की नव्हती, हे तसे सिद्ध होत नाही.

पर्युषणात 'अठ्ठाई' करणारा साधक आठ दिवस अन्नाविना राहतो आणि दिवसा केवळ उकळलेले पाणी घेतो. अनेक जण आठ दिवसांचा नियम एकदम घेत नाहीत. रोज सकाळी एकेका उपवासाचे पच्चक्खाण घेतात, त्यामुळे थांबण्याची वाट खुली राहते. चक्कर, छातीत धडधड, लघवी फार कमी होणे किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर थांबण्याची वेळ झालेली असते. इन्सुलिन घेणारे मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि गर्भवती यांनी अशा उपवासाला वैद्यकीय सल्ल्याविना हात घालू नये. आठव्या दिवशी, संवत्सरीच्या सायंकाळी, प्रतिक्रमण होते आणि ज्याच्याशी वर्षभरात बिनसले त्याच्याकडे 'मिच्छामि दुक्कडं' म्हणून क्षमा मागितली जाते. पारणे त्यानंतर, दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर 48 मिनिटे झाल्यावर. ते मुगाच्या पाण्यासारख्या हलक्या पदार्थाने, थोडे-थोडे करतात. दीर्घ उपवासानंतर एकदम गोड किंवा पोटभर खाल्ले तर रक्तातील फॉस्फेटसारखे क्षार झपाट्याने घटून हृदयाला धोका संभवतो, हे वैद्यकशास्त्रानेही दाखवून दिले आहे.