एक्सेलमध्ये मराठीचं à¤®à¤° का होतं? एका खुर्चीची गोष्ट

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकाच प्रकारचे स्क्रीनशॉट पाठवले. सीएसव्ही फाइल फोनवर नीट दिसते, लॅपटॉपवर एक्सेलमध्ये उघडली की सगळी मराठी नावं à¤ à¤ होऊन बसतात. आजचा भाग त्याच्यावर आहे. दुरुस्ती सांगणारच आहे, पण आधी इतिहास, कारण इतिहास कळला की दुरुस्ती पाठ करावी लागत नाही.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. आमच्या गावच्या वाचनालयात जुनं दाखल रजिस्टर होतं, हाताने लिहिलेलं. ग्रंथपाल काकू आणि आम्ही तिघं पोरं, सुट्टीत बसून साडेअकराशे पुस्तकांची नावं फोनवरून गुगल शीटमध्ये टाकली. मी ती शीट सीएसव्ही म्हणून उतरवली, लॅपटॉपवर डबल क्लिक केलं आणि पडद्यावर हे आलं: `à¤°à¤¾à¤®`. काकू म्हणाल्या, "अरे, हे काय फ्रेंच झालं का?" फ्रेंच नव्हतं, पण काकूंचा नेम अगदीच चुकलेला नव्हता. ते कसं, ते बघू.

कॉम्प्युटर अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. एक बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. १९६०च्या दशकात अमेरिकेत 'आस्की' ठरलं, त्यात १२८ जागा होत्या आणि इंग्रजीचं तेवढ्यात भागलं. वरच्या १२८ जागा मोकळ्या राहिल्या, आणि प्रत्येक भाषेने त्यांवर आपापला रुमाल टाकला. मायक्रोसॉफ्टने अशा प्रत्येक मांडणीला 'कोड पेज' म्हटलं आणि नंबर दिला. रशियनला १२५१, थाईला ८७४, जपानीला ९३२. पश्चिम युरोपला, म्हणजे फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश वगैरेंना १२५२.

आणि देवनागरीला? इथे गोष्ट रंगते. आपल्याकडे मांडणी नव्हती असं नाही. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली 'इस्की' नावाचं मानक काढलं, आयएस १३१९४. वरच्या जागांमध्ये भारतीय लिप्या बसवण्याची ती पद्धत. पुण्याच्या सी-डॅकने तिच्यावर भरपूर काम केलं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीसुद्धा इस्कीच्याच १९८८च्या आवृत्तीवरून घेतली आहे. विंडोजने इस्कीला नंबरही दिला, देवनागरीसाठी ५७००२. पण तो फक्त मजकूर एका मांडणीतून दुसरीत नेण्यापुरता. 'या मशीनची मुख्य मांडणी' म्हणून तो कधीच निवडता आला नाही. विंडोज २०००मध्ये देवनागरी आली ती थेट युनिकोडमधून, जुन्या पद्धतीची खुर्ची न मिळवता.

त्यामुळे झालं असं की भारतात विकलेल्या इंग्रजी विंडोजवर मुख्य कोड पेज राहिलं १२५२. पश्चिम युरोपचं. म्हणून काकूंना फ्रेंच दिसलं.

(मध्येच एक. जुन्या डीटीपी फाइलमध्ये राम उघडला की `jke` दिसतं, तो वेगळा आजार. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, वरून मराठी चित्र चढवलेलं असतं. तिथे आजच्या भागातला एकही उपाय चालणार नाही. तिथे फॉन्ट कन्व्हर्टरच लागतो.)

आता दुसरी बाजू. सप्टेंबर १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका साध्या हॉटेलात केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक जेवायला बसले होते. तिथे ताटाखाली अंथरायच्या कागदावर थॉम्प्सनने यूटीएफ-८ची रचना मांडली, असं पाइकने स्वतः लिहून ठेवलंय. कल्पना साधी होती: इंग्रजी अक्षर एका बाइटमध्येच राहू दे, बाकीच्यांना दोन, तीन, चार जागा द्या. देवनागरीच्या वाट्याला तीन आल्या. म्हणजे 'राम' लिहिलं की फाइलमध्ये नऊ बाइट जातात. र, काना आणि म, प्रत्येकी तीन.

```
र    E0 A4 B0    à ¤ °
ा    E0 A4 BE    à ¤ ¾
म    E0 A4 AE    à ¤ ®
```

मधला रकाना म्हणजे फाइलमध्ये खरोखर असलेले बाइट. उजवीकडे तेच बाइट १२५२च्या चष्म्यातून. गुगल शीटने यूटीएफ-८मध्ये लिहिलं, एक्सेलने १२५२ समजून वाचलं. मराठी अक्षर जवळपास नेहमी E0 A4 किंवा E0 A5 ने सुरू होतं, म्हणूनच सगळीकडे à¤ आणि à¥ यांची रांग दिसते. ती रांग दिसली की समजा: फाइल धडधाकट आहे, वाचणारा चुकतोय.

पण एक्सेलने विचारलं का नाही? कारण सीएसव्ही ही फाइल म्हणजे निव्वळ स्वल्पविरामांनी तोडलेला मजकूर. 'मी अमुक मांडणीत आहे' हे लिहायला तिच्यात जागाच नाही. वेबपेजला असते, ईमेलला असते, सीएसव्हीला नाही. मग डबल क्लिक केलं की एक्सेल मशीनचं मुख्य कोड पेज धरून चालतं. फोनवरचं गुगल शीट यूटीएफ-८ धरतं, म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं.

त्यामुळे डबल क्लिक करायचंच नाही. कोरी एक्सेल फाइल उघडा. `Data` मध्ये जा, `From Text/CSV` दाबा, फाइल निवडा. जी खिडकी येते तिच्यात `File Origin` असा डबा असतो. त्यात `65001: Unicode (UTF-8)` निवडा. खालच्या नमुन्यात मराठी लगेच उमटते. उमटली की मगच `Load`. लिब्रेऑफिस वापरत असाल तर ते उघडतानाच `Character set` विचारतं, तिथे यूटीएफ-८ द्यायचं.

एवढं मी त्या दिवशी शोधून काढलं. राम परत आले, काकू खूश, मीही. मग चार पुस्तकांच्या किमती दुरुस्त केल्या आणि `Save As` मध्ये `CSV (Comma delimited)` निवडून जुन्याच फाइलवर सेव्ह केलं. पडद्यावर सगळं छान दिसत होतं. गुगल शीट आता नको म्हणून तीही उडवली, कचरापेटीसकट. दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. "अरे, सगळी प्रश्नचिन्हंच दिसतायत."

वाचताना एक्सेलने १२५२ धरलं होतं, तसंच लिहितानाही धरलं. १२५२मध्ये र नाही, म नाही, काना नाही. ज्याला जागा नाही त्याच्या जागी एक्सेल एक `?` ठेवतं. à¤ मध्ये मूळ बाइट जिवंत असतात. `?` मध्ये काहीच उरत नाही, प्रत्येक चिन्ह तोच एक बाइट, 3F. हा फरक लक्षात ठेवा, कारण पडद्यावर दोन्ही सारखेच भयंकर दिसतात. आणि फसवणूक अशी की फाइल बंद करेपर्यंत एक्सेल आपल्या आठवणीतलं मराठीच दाखवत राहतं. खरं कळतं ते परत उघडल्यावर.

योग्य पर्याय त्याच यादीत असतो: `CSV UTF-8 (Comma delimited)`. एक्सेल २०१६च्या काळात तो आला, त्याआधीच्या आवृत्त्यांत शोधू नका. हा पर्याय फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइट घालतो, EF BB BF. त्याला 'बॉम' म्हणतात. दारावरची पाटीच समजा. पाटी दिसली की एक्सेल डबल क्लिकनेही नीट वाचतं. पण ही पाटी सगळ्यांना आवडत नाही. एखादी वेबसाइट किंवा प्रोग्रॅम तिला पहिल्या रकान्याच्या नावाचाच भाग समजतो, आणि मग 'नाव' हा रकाना समोर असून 'सापडत नाही' म्हणतो. पहिल्या शब्दाच्या आधी `ï»¿` दिसलं तर ती हीच पाटी.

आता मधला प्रकार, सगळ्यात जास्त मेसेज त्याचेच आहेत. à¤ दिसत असतानाच कुणीतरी फाइल `CSV UTF-8` म्हणून सेव्ह केली. आता ते à आणि ¤ खरोखरच फाइलमध्ये लिहिले गेलेत, त्यामुळे `65001` निवडूनही à¤ च दिसतं. घाबरू नका, उलट्या पावली जायचं. फाइलची प्रत काढा. ती नोटपॅडमध्ये उघडा, `Save As` करा, `Encoding` मध्ये `ANSI` निवडा. म्हणजे à पुन्हा E0 होतो, ¤ पुन्हा A4 होतो, आणि तेच तर मूळ मराठीचे बाइट. बंद करून परत उघडलं की नोटपॅड त्याला यूटीएफ-८ म्हणून ओळखतं. सेव्ह करताना काही अक्षरं हरवतील असा इशारा आला तर मात्र तिथेच थांबा. फाइलमध्ये à¤ सोबत खरी मराठीही मिसळलेली आहे, आणि तिची प्रश्नचिन्हं होतील.

हे दर वेळी शंभर टक्के जमत नाही, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. १२५२मध्ये पाच जागा रिकाम्याच सोडल्यात: 81, 8D, 8F, 90 आणि 9D. आपल्या हलन्ताचा, म्हणजे पाय मोडायच्या चिन्हाचा, शेवटचा बाइट नेमका 8D. पहिल्या उकाराचा 81. ए, ऐ आणि झ यांचे उरलेले तीन. विंडोज त्यांच्या जागी न दिसणारी चिन्हं ठेवतं. तुम्ही तो मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर कॉपी-पेस्ट केलात किंवा एखाद्या साधनाने 'स्वच्छ' केलात की ती गळू शकतात, आणि सगळी जोडाक्षरं मोडतात. भ आणि ठ यांचंही तसंच: भ चा शेवट न दिसणाऱ्या संयोगचिन्हावर होतो, ठ चा एका खास रिकाम्या जागेवर. म्हणून दुरुस्ती नेहमी फाइलवर करा, चिकटवलेल्या मजकुरावर नको.

आमच्या वाचनालयाच्या फाइलचं काय झालं? ती `?` वाली होती, त्यामुळे नोटपॅडचा उपयोग शून्य. दाखल क्रमांक आणि किमती वाचल्या होत्या, कारण आकडे आस्कीत बसतात. नावं परत रजिस्टरवरून टाकावी लागली. फक्त एका गोष्टीची मदत झाली. एक्सेल प्रत्येक चिन्हाला एक `?` ठेवतं, मात्रा आणि हलन्त धरून. `??????? ??` म्हणजे सात आणि दोन. काकू रजिस्टरच्या पुसट ओळीवर बोट ठेवून म्हणायच्या, "हे श्यामची आई वाटतंय." मी मोजायचो: श, हलन्त, य, काना, म, च, वेलांटी. सात. आ, ई. दोन. बरोबर. पाणी लागलेल्या पानांवरची पन्नासेक नावं आम्ही अशीच जुळवली. तीन नावं कशातच बसली नाहीत. त्या तीन पुस्तकांसाठी काकू शिडी लावून कपाटावर चढल्या. दोन सापडली.