जंप होस्ट

जंप होस्ट : संस्थेच्या अंतर्गत संगणक-जालातील सर्व्हरांपर्यंत बाहेरून पोहोचता यावे म्हणून इंटरनेटकडे तोंड करून ठेवलेला एकमेव संगणक. आतील सर्व्हर इंटरनेटवरून दिसत नाहीत. त्यांच्याकडे जाणाऱ्याला आधी या संगणकाशी जोडणी करावी लागते व तेथून पुढे जावे लागते. किल्ल्याच्या तटातून पुढे काढलेल्या बुरुजावरून यास ‘बॅस्टियन होस्ट’ असेही म्हणतात. ही नावे आज बहुधा एकाच अर्थाने वापरली जात असली, तरी त्यांमागील कल्पना एक नाही. बुरूज स्वतः लढतो, तर आजचा जंप होस्ट केवळ वाट देतो. पहिल्या कल्पनेकडून दुसरीकडे झालेला प्रवास हाच या साधनाचा इतिहास होय. त्यात एकच प्रश्न पुन:पुन्हा उभा राहिला : दारावरचा संगणक शत्रूच्या हाती गेला, तर आतले काय काय जाईल?

पूर्वपीठिका : १९८० च्या दशकात इंटरनेटला जोडलेले बहुतेक संगणक परस्परांना थेट दिसत. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट टी. मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘वर्म’ आज्ञावलीने या मोकळेपणाची किंमत दाखवून दिली. प्रत्येक संगणक निर्दोष राखणे कोणत्याही मोठ्या संस्थेला शक्य नाही, हे त्यानंतर मान्य होऊ लागले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील विल्यम चेसविक यांनी १९९० साली आपल्या प्रयोगशाळेच्या प्रवेशद्वाराची रचना प्रसिद्ध केली. तीत एक संगणक बाहेर व एक आत होता, आणि बाहेरचा संगणक केव्हातरी शत्रूच्या हाती जाईल हे गृहीत धरूनच आतल्याने त्याला मोजक्या सेवा दिलेल्या होत्या. ‘बॅस्टियन होस्ट’ ही संज्ञा मार्कस रेनम यांच्या १९९० च्या दशकारंभीच्या फायरवॉलविषयक लेखनातून रूढ झाली.

या द्वारांचा एक दोष मात्र भिंत बांधून जाण्यासारखा नव्हता. दूरस्थ प्रवेशासाठी त्या काळी टेलनेट व आरलॉगिन या पद्धती वापरीत आणि त्यांत परवलीचा शब्द तारेवरून उघड्या अक्षरांत जाई. जालातील एखादा संगणक हाती आला, की चोराने तेथे नुसते ऐकत बसावे. फेब्रुवारी १९९४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील ‘सर्ट’ केंद्राने अशा पाळतीबद्दल इशारा दिला. हजारो संगणकांचे परवलीचे शब्द त्यापूर्वीच उघड झालेले होते. सर्व वाहतूक ज्याच्यातून जाते तो दारावरचा संगणकच अशा ऐकणाऱ्याला सर्वांत सोयीचा होता, हे सांगावयास नकोच.

एसएसएचचा उदय : फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जालावर १९९५ साली अशीच चोरी झाली. तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी त्यानंतर सिक्युअर शेल ऊर्फ एसएसएच ही पद्धत रचली व जुलै १९९५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. तिला २२ क्रमांकाचे पोर्ट मिळाले. तीत संदेशवहन कूटबद्ध असते आणि परवलीच्या शब्दाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. खाजगी किल्ली वापरणाऱ्याच्या संगणकावरच राहते, सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवतात, आणि खाजगी किल्ली आपल्याजवळ आहे हे ती न पाठविता सिद्ध करता येते. पुढे ओपनबीएसडी प्रकल्पाने याच आज्ञावलीच्या जुन्या मुक्त आवृत्तीवरून ओपनएसएसएच तयार केली (१९९९). आज सर्वत्र आढळते ती हीच.

तारेवरची चोरी यामुळे थांबली, पण दाराचा प्रश्न सुटला नाही. दारावर एसएसएचने उतरावयाचे आणि तेथून आतल्या सर्व्हरला पुन्हा एसएसएच करावयाची, अशी रीत पडली. दुसऱ्या जोडणीसाठी लागणारी किल्ली आणावयाची कोठून? अनेकांनी खाजगी किल्ली दारावरच नेऊन ठेवली. म्हणजे वाड्याच्या सर्व खोल्यांच्या किल्ल्या देवडीत खुंटीला टांगण्यासारखेच ते होते.

एजंट पुढे पाठविणे : यावरचा पहिला उपाय एजंट हा होता. एजंट ही वापरणाऱ्याच्या संगणकावर चालणारी छोटी आज्ञावली असून ती किल्ली स्वतःजवळ ठेवते व मागणी आली की तिने स्वाक्षरी करून देते. `ssh -A` या आज्ञेने एजंटाकडे जाणारी वाट दारावरच्या संगणकापर्यंत लांबविता येते. किल्ली घरीच राहते व आतल्या सर्व्हरची मागणी तेवढी परत येते. ही योजना चतुर आहे, परंतु तिच्यात एक खोट आहे. लांबविलेल्या वाटेचे दुसरे टोक दारावरच्या संगणकावर एका सॉकेट फाइलच्या रूपाने उघडे असते आणि तेथे मूळ प्रशासकाचा, म्हणजे `root` चा, अधिकार असणारा कोणीही ते वापरू शकतो. किल्ली त्याला चोरता येत नाही, पण वापरणारा जोडलेला आहे तोवर तिने वाटेल त्या सर्व्हरचे दार उघडता येते.

ही भीती पुस्तकी नाही. मार्च २०१९ मध्ये मॅट्रिक्स या मुक्त संदेशसेवेच्या यंत्रणेत जेंकिन्स या आज्ञावली-बांधणीच्या साधनातील उणिवेतून घुसखोर शिरला. तो ज्या संगणकावर पोहोचला तेथे पुढे पाठविलेला एजंट त्याला सापडला आणि एप्रिलच्या आरंभी त्याच्या साहाय्याने तो मुख्य सर्व्हरांवर गेला. ११ एप्रिल रोजी सेवा बंद करून यंत्रणा नव्याने उभारावी लागली. येथे वाट जंप होस्टवरून गेली नव्हती. तथापि ज्या मधल्या संगणकावर एजंट पोहोचतो, त्या प्रत्येकास हाच धोका लागू पडतो.

वाट देणारे दार : दुसरा उपाय अधिक साधा आणि अधिक खोल जाणारा होता. दारावर उतरावयाचेच नाही. दाराने आतल्या सर्व्हरच्या २२ क्रमांकाच्या पोर्टपर्यंत केवळ एक नळी टाकून द्यावयाची आणि तिच्यातून वापरणाऱ्याच्या संगणकाने आतल्या सर्व्हरशी स्वतःची, टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध, दुसरी एसएसएच जोडणी करावयाची. आरंभी यासाठी दारावर `nc` ही वेगळी आज्ञावली चालवीत. ती तेथे असावी लागे, आणि जोडणी तुटल्यावरही कधी कधी तशीच लोंबकळत राही. मार्च २०१० मधील ओपनएसएसएच ५.४ या आवृत्तीत `-W` हा पर्याय आला व `nc` ची गरज संपली. ऑगस्ट २०१६ मधील ७.३ या आवृत्तीने `-J` हा पर्याय व `ProxyJump` हा निर्देश देऊन सारे एका ओळीत आणले.

उदाहरणार्थ, एका संस्थेचा जंप होस्ट `dwar.example.org` असून आतील सर्व्हरचा पत्ता `10.0.5.11` आहे. १० ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखीव असल्याने बाहेरून या पत्त्यावर थेट पोहोचता येत नाही. वापरणाऱ्याच्या संगणकावरील `~/.ssh/config` या फाइलमध्ये पुढील मजकूर पुरतो :

```
Host dwar
    HostName dwar.example.org
    User asha

Host kothi
    HostName 10.0.5.11
    User asha
    ProxyJump dwar
```

आता `ssh kothi` अशी आज्ञा दिली, की प्रथम दाराशी जोडणी होते, दार वापरणाऱ्याची किल्ली तपासते व `10.0.5.11` च्या पोर्टपर्यंत नळी टाकते. मग कोठीचा सर्व्हर त्याच किल्लीची अथवा दुसऱ्या किल्लीची पुन्हा तपासणी करतो. दोन्ही वेळा स्वाक्षरी घरच्या संगणकावरच होते. दाराला दिसते ते इतकेच, की अमुक व्यक्ती अमुक वेळी अमुक पत्त्याकडे गेली. आतील सर्व्हरची ओळखही वापरणाराच तपासतो. त्यामुळे शत्रूच्या हाती गेलेल्या दाराने खोटा सर्व्हर पुढे केला, तर पूर्वी साठविलेली ओळख जुळत नाही व इशारा मिळतो. मात्र पहिल्याच भेटीत आलेली ओळख न पाहता ‘yes’ म्हणणाऱ्याला हे संरक्षण नाही.

दारावरील sshd सेवेलाही तेवढेच काम ठेवता येते :

```
AllowAgentForwarding no
X11Forwarding no
PermitTTY no
MaxSessions 0
AllowTcpForwarding local
PermitOpen 10.0.5.11:22
```

`PermitOpen` मध्ये दिलेल्या पत्त्याखेरीज कोठेही नळी जात नाही. हे निर्देश दाराची देखभाल करणाऱ्या प्रशासकालाही लागू पडतात. म्हणून त्याच्यासाठी वेगळी सोय न ठेवता ते लिहिणारा स्वतःच बाहेर राहतो. याहून अधिक विसरली जाणारी गोष्ट म्हणजे आतल्या सर्व्हरांच्या फायरवॉलने २२ क्रमांकाचे पोर्ट केवळ दाराच्या अंतर्गत पत्त्यासाठी उघडे ठेवणे. हे न केल्यास आतील कोणताही दुसरा संगणक हाती आलेल्या घुसखोरास दाराकडे फिरकण्याचेही कारण उरत नाही.

अडचणींचे निदान : जोडणी झाली नाही, तर ती पहिल्या टप्प्यात अडली की दुसऱ्या, हे आधी ठरवावे लागते. `Permission denied (publickey)` या संदेशाच्या आरंभी वापरणाऱ्याचे व संगणकाचे नाव असते. तेथे दाराचे नाव असल्यास किल्ली दारावर नाही, कोठीचा पत्ता असल्यास आत नाही. आज्ञेबरोबर `-i` ने दिलेली किल्ली अंतिम सर्व्हरलाच लागू पडते, दाराला नाही. हे ठाऊक नसल्याने पुष्कळांचा वेळ जातो. `administratively prohibited` असा संदेश आल्यास दाराने ओळख मान्य केली, पण नळी टाकण्यास नकार दिला, असे समजावे. दोष वरील शेवटच्या दोन निर्देशांत असतो. `Connection timed out` हा शब्दसमूह `open failed` च्या सोबतीने आला, तर दारापर्यंतची वाट ठीक असून दार व कोठी यांच्यामधील फायरवॉल अडवीत असते. आतील सर्व्हरचे नाव दिले असेल, तर त्याचा पत्ता दार शोधते, घरचा संगणक नव्हे. त्यामुळे घरी न कळणारे नावही येथे चालते.

मर्यादा : दार वाहतूक वाचू शकत नाही, म्हणून आत कोणत्या आज्ञा दिल्या गेल्या याची नोंदही ते ठेवू शकत नाही. ज्या संस्थांना अशी नोंद हवी असते, त्या दारावर उतरण्याची जुनी रीत किंवा जोडणी मध्येच सोडवून पुन्हा बांधणारी विशेष साधने वापरतात आणि त्याबरोबर बुरुजाची जुनी जोखीमही पत्करतात. नोंदी कोणत्याही प्रकारच्या असोत, भारतात सर्ट-इन या शासकीय संस्थेच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार त्या १८० दिवस राखाव्या लागतात. एकच दार बंद पडल्यास सर्वांचीच वाट अडते, म्हणून दोन दारे ठेवणे बरे. घरचा संगणकच शत्रूच्या हाती असेल, तर मात्र दारांची संख्या कितीही असली तरी उपयोग नाही.

१ जुलै २०२४ रोजी क्वालिस या कंपनीने ओपनएसएसएचच्या sshd मधील एक गंभीर दोष जाहीर केला. लिनक्सवरील कित्येक आवृत्त्यांत तो ओळख पटविण्यापूर्वीच वापरता येण्याजोगा होता आणि ९.८ या आवृत्तीत तो दुरुस्त झाला. ज्यांचे सर्व सर्व्हर इंटरनेटवर उघडे होते, त्यांना ते सर्वच तातडीने दुरुस्त करणे भाग होते. ज्यांच्याकडे जंप होस्ट होता, त्यांनी प्रथम तेवढा एक संगणक दुरुस्त केला, तरी आतल्यांसाठी काही दिवसांची सवड मिळण्याजोगी होती.